उन्हाळी प्रशिक्षणार्थी : काम, देखरेख आणि मूल्यमापन

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून ही पदवी घेत आहेत. कोणी शाळेत शिक्षक आहे, कोणी सार्वजनिक ग्रंथालयात, कोणी छापखान्यात किंवा प्रकाशनसंस्थेत काम करते. अलीकडे पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागल्याने एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयीन मुले तुमच्या कार्यालयात 'इंटर्न' म्हणून येऊ लागली आहेत आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी पुष्कळदा तुमच्यावरच येते. आपल्याकडे या प्रकाराला 'उमेदवारी करणे' असा जुना शब्द आहे. १९६१ च्या कायद्यातही 'शिकाऊ उमेदवार' हीच संज्ञा आली. तो कायदा मात्र कारखान्यांतील आणि व्यवसायांतील दीर्घ प्रशिक्षणासाठी आहे. आपला विषय आठ आठवड्यांचा पाहुणा उमेदवार हा आहे. या घटकात त्याला 'प्रशिक्षणार्थी' म्हणू.

हा विषय सर्वसाधारण तत्त्वांनी समजत नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. तेथे एका बंद पडलेल्या मराठी मासिकाचे चोवीस वर्षांचे बांधीव खंड आहेत. संशोधक येतात, अमुक लेखकाची कथा कोणत्या अंकात आहे असे विचारतात आणि ग्रंथपालांना खंडामागून खंड चाळावे लागतात. या मासिकाची लेखसूची करावी असे मनात आहे, पण हात कमी आहेत. अशा वेळी मराठी विषयाची एक विद्यार्थिनी आठ आठवड्यांसाठी येते. तुम्ही तिचे पर्यवेक्षक आहात असे समजा.

कामाची निवड

प्रशिक्षणार्थीला द्यायचे काम तीन बाजूंनी पाहावे. ते काम झाल्यावर ते वापरणारा माणूस ठाऊक असला पाहिजे. लेखसूचीच्या बाबतीत तो ठाऊक आहे : दर महिन्याला येणारा संशोधक. दुसरे, ते काम अडले तर संस्थेचे नित्याचे काम अडता कामा नये. वार्षिक अहवाल, अनुदानाचे कागद, परीक्षेच्या काळातील देवघेव ही कामे प्रशिक्षणार्थीवर सोपवणे त्याच्यावरही अन्याय आहे, कारण चूक झाल्यास त्याला सुधारायला वेळच मिळत नाही. तिसरी बाब पुष्कळदा नजरेतून सुटते. काम अर्ध्यावर थांबले तरी झालेला अर्धा भाग उपयोगी पडला पाहिजे. चोवीस खंडांची सर्व शीर्षके आधी, मग सर्व लेखकनामे, मग पृष्ठांक अशा क्रमाने काम लावले आणि आठव्या आठवड्यात ते संपले नाही, तर हाती काहीच उरत नाही. तेच एकेक खंड पूर्ण करीत गेल्यास पाच खंड झाले तरी पाच खंडांची सूची तयार असते.

आता परिमाण ठरवू. येथे उत्साह नेहमी घात करतो. आठ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोजचे पाच तास असे धरले तर दोनशे तास दिसतात. त्यांतील पहिला आठवडा, म्हणजे पंचवीस तास, शिकण्यात जाईल. शेवटचा आठवडा तपासणी, अहवाल आणि काम हवाली करण्यासाठी राखून ठेवावा लागेल. राहिले दीडशे. मधल्या दोन सुट्ट्यांचे दहा तास आणि आठवड्याच्या बैठका व नोंदवही यांचे साधारण बारा तास वजा केले की एकशे अठ्ठावीस तास उरतात.

एका अंकात लेख, कथा, कविता, परीक्षणे धरून सरासरी पंधरा नोंदी निघतात असे मानू. बारा अंकांच्या खंडात एकशे ऐंशी झाल्या. सरावाच्या हाताला एका नोंदीस चार मिनिटे लागली, तर एका खंडाला बारा तास. स्वतःचे काम स्वतः तपासण्यासाठी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन तास आणखी. एकशे अठ्ठावीस तासांत पंधरा तासांचे आठ खंड बसतात. मनात चोवीस होते, हाती आठ आले. ही तफावत पहिल्याच दिवशी कागदावर दिसली तर ती केवळ गणित असते, तीच शेवटच्या दिवशी दिसली तर त्या मुलीचा दोष ठरते.

नोंदीला चार मिनिटे हा आकडा अर्थात कल्पनेने काढता येत नाही. तिच्या येण्यापूर्वी तुम्ही स्वतः एक अंक घेऊन बसावे आणि घड्याळ लावून त्याच्या सर्व नोंदी कराव्यात. एवढ्याने वेळेचा अंदाज येतोच, शिवाय जे प्रश्न तिला दुसऱ्या दिवशी पडणार आहेत ते आधीच तुम्हाला पडतात.

सूचनापत्र

ते प्रश्न कोणते? मासिकाच्या अनुक्रमणिकेतील शीर्षक आणि आतल्या पानावरील शीर्षक वेगळे असेल तर कोणते घ्यावे? लेखकाने टोपणनाव वापरले असेल तर काय लिहावे? राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहिले. सूचीत ते एक लेखक की दोन? पानाच्या तळाशी जागा भरण्यासाठी टाकलेल्या चार ओळींच्या स्फुटांची नोंद करायची का? वर्षभराचे पृष्ठांक सलग असतील तर अंकाचा क्रमांक वेगळा द्यायचा का?

या प्रश्नांची उत्तरे एका पानाच्या सूचनापत्रात लिहावीत. उदाहरणार्थ : शीर्षक आतल्या पानावरून घ्यावे. लेखकाच्या रकान्यात छापलेलेच नाव लिहावे, मूळ नाव खात्रीने माहीत असेल तर ते शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावे. स्फुटाखाली नाव असेल तरच त्याची नोंद करावी. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, जुन्या छपाईच्या फाँटमध्ये नाही, अन्यथा सूचीत शोध घेता येत नाही. पृष्ठांकासाठी एकाच प्रकारचे आकडे वापरावेत. नावाच्या आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही हेही एकदाच ठरवावे, कारण 'ना.सी.' आणि 'ना. सी.' ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे असतात. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' ग्रंथालयात असेल तर ती तिच्यासमोर ठेवावी. सूची म्हणजे काय, हे व्याख्यानापेक्षा ती दहा मिनिटे हाताळल्याने अधिक कळते.

याच कागदाच्या मागील बाजूस मूल्यमापन कशावर होणार हे लिहावे. महाविद्यालयाचा नमुना बहुधा छापील असतो आणि त्यात 'कामाचा दर्जा', 'नियमितपणा', 'पुढाकार', 'संवाद' असे गुणांचे रकाने असतात. हे शब्द इतके मोघम असतात की त्यांत कोणाचेही मत बसते. म्हणून प्रत्येक शब्दाचा तुमच्या कामापुरता अर्थ लिहून काढावा. दर्जा म्हणजे नमुना तपासणीत आढळणाऱ्या चुका. नियमितपणा म्हणजे ठरलेल्या वेळी हजेरी, आणि ती वेळ तिच्या एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळवून ठरवलेली असावी. गाडी दहा-चाळीसला येत असताना साडेदहाची वेळ देऊन रोज दहा मिनिटांचा उशीर मांडणे म्हणजे तिला नव्हे, परिवहन मंडळाला गुण देणे होय. पुढाकार म्हणजे सूचनापत्रात न बसणारी नोंद आली तर ती खूण करून विचारणे. सर्व काही न विचारता उरकून टाकणे म्हणजे पुढाकार, असा समज मुलांमध्ये असतो. तो पहिल्याच दिवशी दूर करावा.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी जीर्ण कागद कसा हाताळावा ते दाखवावे : खंड सपाट दाबून उघडू नये, थुंकी लावून पान उलटू नये, खुणेसाठी पान दुमडू नये. दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या अंकाच्या नोंदी केल्या आहेत तोच अंक तिला द्यावा, तुमच्या नोंदी मात्र दाखवू नयेत. तिचे काम झाले की दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचावेत. जेथे फरक पडेल तेथे दोन शक्यता असतात. एकतर तिचे लक्ष चुकले, नाहीतर सूचना दोन तऱ्हांनी वाचता येत होती. दुसरी शक्यता तुम्हाला वाटते त्याहून अधिक वेळा खरी ठरते.

त्यानंतर आठवड्यातून एक ठरलेली अर्ध्या तासाची बैठक पुरते, परंतु ती चुकवू नये. तिने एका वहीत रोज तीन ओळी लिहाव्यात : काय झाले, कोठे अडले, काय विचारायचे आहे. तुम्हीही तारखेनिशी दोन ओळी लिहाव्यात. तुमची ही वही मूल्यमापनाच्या दिवशी उपयोगी पडते. आठ आठवड्यांनंतर आपल्याला शेवटचे दहा दिवस तेवढे आठवतात आणि बोलकी, हसतमुख मुलगी मुकाट काम करणाऱ्या मुलीपेक्षा अधिक कामसू वाटते. स्मरणाचे हे दोष लिखित नोंदीशिवाय दूर होत नाहीत.

बैठकीत 'सगळे ठीक आहे ना?' असे विचारू नये. त्याचे उत्तर 'हो मॅडम' किंवा 'हो सर' एवढेच येते. 'या आठवड्यात कोणत्या नोंदीपाशी तुला सर्वांत जास्त वेळ लागला? ती दाखव' असे म्हटले की अडचण आपोआप टेबलावर येते.

मधली तपासणी

मूल्यमापन म्हणजे शेवटचा दिवस अशी समजूत आहे. वस्तुतः न्याय्य मूल्यमापन चौथ्या आठवड्यात होते, कारण तेव्हा सुधारायला अवकाश असतो.

आपल्या उदाहरणात चौथ्या आठवड्याच्या आरंभी तीन खंड झाले आहेत, म्हणजे पाचशे चाळीस नोंदी. त्या सर्व पुन्हा तपासायला तुम्हाला वेळ नाही, तशी गरजही नाही. एक ते वीस यांमधील एक आकडा चिठ्ठीने काढावा, समजा सात आला. मग सातवी, सत्ताविसावी, सत्तेचाळिसावी अशी प्रत्येक विसावी नोंद घ्यावी. सत्तावीस नोंदी मिळतील. प्रत्येक नोंद मूळ पानाशी ताडून पाहावी. नोंदीला तीन मिनिटे धरली तर दीड तासाच्या आत हे काम होते. सोयीच्या, सहज दिसणाऱ्या नोंदी निवडू नयेत. चिठ्ठी काढायची ती यासाठीच.

सत्तावीसपैकी नऊ नोंदींत दोष आढळले. तिसरा हिस्सा! आकडा ऐकून कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. पण गुण देण्यापूर्वी दोषांची वर्गवारी करावी. नऊपैकी दोन ठिकाणी पृष्ठांक चुकले होते. दोन ठिकाणी लेखकाच्या रकान्यात टोपणनावाऐवजी मूळ नाव आले होते. उरलेल्या पाच ठिकाणी शीर्षकातील अनुस्वार गळले होते : मासिकात 'कांहीं आठवणी' असे छापले होते, तिने 'काही आठवणी' असे लिहिले होते.

येथे थोडे थांबू, कारण मराठीच्या विद्यार्थ्यांना ही जागा ओळखीची आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीवर आधारलेले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या मासिकांत ते सर्वत्र आढळतात. सूचीकाराने शीर्षक छापले आहे तसेच नोंदवायचे असते, कारण सूची हे त्या छापील पानाचे साक्षीपत्र आहे. पण आपल्या सूचनापत्रात काय लिहिले होते? 'शीर्षक शुद्ध व पूर्ण लिहावे.' 'शुद्ध' हा शब्द तुम्ही 'मुळाबरहुकूम' या अर्थाने लिहिला. शाळेपासून नव्या नियमांत वाढलेल्या मुलीने तो 'नियमानुसार' असा वाचला आणि तिने सूचना तंतोतंत पाळली. या पाच चुका तिच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. त्या पर्यवेक्षकाच्या आहेत.

टोपणनावांच्या दोन चुका मात्र वेगळ्या आहेत. सूचना स्पष्ट होती. वही पाहता दोन्ही पहिल्या खंडातील निघतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या बैठकीत 'मागील नोंदी दुरुस्त करणे' असे तिच्याच अक्षरात लिहिलेले सापडते. ते राहून गेले. पृष्ठांकांच्या चुकाही तिच्याच. म्हणजे तिच्या चुका सत्तावीसपैकी चार ठरतात. हे तिला त्याच दिवशी, मूळ पाने समोर ठेवून सांगावे, आणि अनुस्वारांबाबतची चूक आपली आहे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. तक्त्यातून नोंद उचलून मूळ पानाशी ताडली तर चुकलेले सापडते, सुटलेले सापडत नाही. ज्या कवितेची नोंदच झाली नाही ती कोणत्याही विसाव्या क्रमांकावर येणार नाही. म्हणून उलट दिशेनेही जावे लागते. छत्तीस अंकांतून चिठ्ठीने दोन अंक काढावेत, पानामागून पान उलटावे आणि प्रत्येक मजकूर तक्त्यात आहे का ते पाहावे. आपल्या उदाहरणात एकतीस मजकुरांपैकी एक सुटला होता, पानाच्या तळाशी छापलेले एक सहीचे स्फुट. नजर अशाच जागी घसरते.

आपली प्रगती तपासा : पर्यवेक्षकाने फक्त शेवटच्या आठवड्यात ही तपासणी केली असती, तर 'कामाचा दर्जा' या रकान्यात त्याने काय लिहिले असते? ते का चुकीचे ठरले असते? पाच-सहा ओळींत लिहा.

अनुस्वार परत बसवण्यासाठी पाचशे चाळीस शीर्षके पुन्हा पाहावी लागली. प्रत्येकी चाळीस सेकंद म्हटले तरी सहा तास झाले. पुढे सहाव्या आठवड्यात साठा पडताळणीसाठी वाचनालय दोन दिवस बंद राहिले, तेथे दहा तास गेले. सोळा तास म्हणजे एका खंडाहून थोडे अधिक. तेव्हा आठ खंडांचे उद्दिष्ट सातवर आणावे, ते त्याच दिवशी दोघांच्या वह्यांत लिहावे आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक शिक्षकांनाही कळवावे. हे न करता शेवटी 'आठपैकी सात खंड पूर्ण' असे लिहिले, तर वाक्य खरे असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

अखेरचे मूल्यमापन

सात खंडांच्या एक हजार दोनशे साठ नोंदी झाल्या. पूर्वीप्रमाणेच प्रत्येक विसावी नोंद घेतली, त्रेसष्ट नोंदी तपासल्या आणि तीन चुका सापडल्या, तिन्ही पृष्ठांकांच्या. प्रमाण सुमारे पाच टक्के झाले. या आकड्याला फार ताणू नये. त्रेसष्ट नोंदींत एखादी चूक कमी-अधिक सापडली असती तर टक्का लगेच बदलला असता. परंतु मधल्या तपासणीत सत्तावीसपैकी चार आणि शेवटी त्रेसष्टपैकी तीन, यातून दिशा स्पष्ट दिसते. टोपणनावांची चूक पुन्हा एकदाही झाली नाही, हे तर आकड्यांपेक्षाही बोलके आहे.

आता छापील नमुना भरायचा. येथे दोन प्रकारची माणसे आढळतात. एकजण सर्वांना दहापैकी नऊ देतो, कारण मुलीचे नुकसान कशाला करायचे. दुसरा कोणालाच सातच्या वर जात नाही, कारण अजून पुष्कळ शिकायचे आहे. दोघांच्याही गुणांतून त्या मुलीविषयी काहीच कळत नाही. माझ्या मते पहिल्याचे औदार्य अधिक हानिकारक आहे. उत्तम काम करणाऱ्या मुलीलाही तेच नऊ मिळतात आणि तिच्या श्रमांची ओळख त्या गर्दीत हरवते. तुलना गेल्या वर्षीच्या मुलाशी किंवा स्वतःच्या हाताशीही करू नये. ती पहिल्या दिवशी लिहिलेल्या अर्थांशी करावी.

गुणांपेक्षा अभिप्रायाची चार वाक्ये महत्त्वाची असतात. 'विद्यार्थिनी अत्यंत मेहनती व होतकरू आहे' हे वाक्य कोणाहीविषयी लिहिता येते. त्याऐवजी असे लिहावे : 'त्यांनी मासिकाच्या सात खंडांची एक हजार दोनशे साठ नोंदींची लेखसूची केली. मूळ उद्दिष्ट आठ खंडांचे होते. सूचनेतील आमच्या संदिग्धतेमुळे व वाचनालय बंद राहिल्यामुळे ते सातवर आणले. नमुना तपासणीत त्रेसष्टपैकी तीन नोंदींत पृष्ठांक चुकलेले आढळले. शंका आल्यास त्या नोंदीला खूण करून विचारत, अशा एकतीस खुणांपैकी सहांमुळे आम्हाला सूचनापत्र बदलावे लागले. आकडे उतरवताना दुसऱ्यांदा ताडून पाहण्याची सवय अद्याप व्हायची आहे.' यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी ज्याला सूचीचे काम कळते त्याला ही मुलगी कामाची आहे हे लगेच समजेल. उणीवही आहे, पण ती स्वभावाची नव्हे, कृतीची आहे, आणि म्हणून दूर करता येण्याजोगी आहे.

हा अभिप्राय पाठवण्यापूर्वी तिला वाचायला द्यावा. गुण बदलून मागण्यासाठी नव्हे, वस्तुस्थिती तपासण्यासाठी. 'मॅडम, सहाव्या आठवड्यात मी दोन दिवस आले नाही असे नोंदीत दिसते, तेव्हा तर वाचनालय बंद होते,' असे ती म्हणाली तर हजेरीपत्रक तत्काळ दुरुस्त करता येते. तिचे म्हणणे पटले नाही, तर ते तिच्याच शब्दांत खाली जोडून द्यावे.

सूची वाचकांसाठी ठेवली जाईल तेव्हा पहिल्या पानावर 'नोंदी' या शब्दापुढे तिचे नाव, खंडांचे क्रमांक आणि वर्ष छापावे. नमुना तपासणीचा निकालही तेथेच द्यावा, म्हणजे संशोधक पृष्ठांकावर विसंबताना एकदा पान उघडून पाहील. सूचनापत्राची सुधारलेली प्रत, म्हणजे 'शुद्ध' हा शब्द खोडून 'छापले असेल तसे' असे लिहिलेली, त्याच फाईलला लावून ठेवावी. उरलेले सतरा खंड घेऊन पुढच्या एप्रिलमध्ये दुसरे कोणी त्याच टेबलाशी बसणार आहे.